प्रतिसाद: रकाना बदलला, माणसं तीच

> २००१ ते २०११ या काळात इंग्लंडमधले एशियन एवढे कसे वाढले?

वाढले हे खरंच, पण थोडी वाढ नुसती कागदावरची आहे. तिथल्या २००१च्या जनगणनेत चिनी लोक ‘चिनी किंवा इतर’ या गटात होते. २०११ला त्यांना एशियन गटात घेतलं. तुलना करायची तर २०११च्या आकड्यातून चिनी आधी वजा करा.

आमच्या चोपड्याचा मावसभाऊ लेस्टरला असतो. तिथे बोलण्यात एशियन म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. अमेरिकेत तोच शब्द ऐकून बहुतेकांना आधी चिनी-जपानी आठवतात. गंमत म्हणजे १९७०च्या अमेरिकी जनगणनेत आपले लोक ‘गोरे’ म्हणून मोजले गेले. वेगळी चौकट १९८०ला मिळाली. (घरात अहिराणी आणि फॉर्मवर मराठी लिहिणाऱ्या आपल्याला हे नवं नाही म्हणा!)