मदत हवी आहे: ४ जून २०२४ ला इंडिया व्हिक्स चुकला होता की आपण तो चुकीचा वाचतो?

मेघना_नाशिक
नमस्कार मंडळी. बाबांच्या निवृत्तीच्या पैशातला एक भाग निफ्टी ईटीएफमध्ये आहे आणि तो मी सांभाळते. मोठ्या घटनेआधी संरक्षण म्हणून पुट, म्हणजे बाजार पडला तर भरपाई देणारा ऑप्शन, घ्यावा का, हे ठरवताना निफ्टीची अपेक्षित हालचाल दाखवणाऱ्या व्हिक्सचा आधार घेता येईल असं वाटलं, म्हणून जुने आकडे काढून बसले. आणि तिथेच अडले.

३ जून २०२४ ला, म्हणजे लोकसभा निकालाच्या आदल्या दिवशी, व्हिक्स २१ च्या आसपास बंद झाला. हा आकडा वर्षाच्या हिशेबाने टक्क्यांत असतो आणि वर्षात साधारण २५२ ट्रेडिंगचे दिवस, म्हणून २१ ला २५२ च्या वर्गमुळाने भागलं, तर एका दिवसाची अपेक्षित हालचाल येते सुमारे १.३ टक्के. दुसऱ्या दिवशी निफ्टी ५.९३ टक्के पडली. अपेक्षेच्या साडेचार पट! एवढं चुकत असेल तर याला भीतीचा मापक म्हणायचं कशाला? की माझ्याच हिशेबात काही राहिलंय?

दुसरा प्रश्न त्याला लागूनच आहे. व्हिक्स १०-११ वर शांत बसलेला असताना पुट घेणं शहाणपणाचं, की घटना जवळ आल्यावर?

सांगलीकर
ताई, इतक्या खोलात जायची गरजच नाही. १५ च्या खाली शांतता, २० च्या वर भीती. कमी असताना ऑप्शन घ्यायचे, जास्त असताना विकायचे, कारण व्हिक्स शेवटी सरासरीकडे परत येतोच. ५ जूनलाच बघा ना, २७ वरून एका दिवसात १९ च्या खाली आला.

एडिसनकर
इथे अमेरिकेत आम्ही सोपा नियम पाळतो. व्हिक्स ३० पार गेला की इंडेक्स फंडात पैसे टाकायचे. लोक घाबरलेले असतात तेव्हाच माल स्वस्त मिळतो. तुम्हीही तेच करा, पुटच्या भानगडीत पडू नका.

मेघना_नाशिक
दादा, मला नवीन खरेदी करायची नाहीये, आहे ते जपायचंय.

जुना_डीलर
मेघनाताई, भागाकार बरोबर आहे. फक्त तो चुकीच्या जागी लावलाय.

व्हिक्स पुढच्या ३० दिवसांचा मिळून एकच आकडा देतो. निफ्टी ऑप्शन्सच्या भावांतून तो निघतो आणि ३० दिवसांतला कुठला दिवस शांत, कुठला वादळी, हे सगळं त्यात एकत्र घोटलेलं असतं. २५२ च्या वर्गमुळाने भागता तेव्हा तुम्ही धरून चालता की सगळे दिवस सारखेच आहेत. निकालाच्या आदल्या दिवशी ते अजिबात खरं नव्हतं.

आता तोच आकडा सोडवून बघू. ३० दिवसांत ट्रेडिंगचे दिवस धरा २१. त्यातले २० साधे, एक निकालाचा. साध्या दिवसांसाठी व्हिक्स १३ धरू, कारण निवडणुकीची धाकधूक सुरू होण्याआधी तो साधारण त्याच पट्ट्यात होता आणि निकालानंतर दोनेक आठवड्यांत तिथेच परतला. या टक्क्यांची सरळ बेरीज-वजाबाकी होत नाही, त्यांच्या वर्गांची होते:

```
पूर्ण महिना:  २१ × २१ × २१ / २५२ = ३६.८
२० साधे दिवस: १३ × १३ × २० / २५२ = १३.४
निकालाचा दिवस: ३६.८ − १३.४ = २३.४
वर्गमूळ: सुमारे ४.८ टक्के
```

म्हणजे ३ तारखेला बाजार त्या एका दिवसासाठी ४.८ टक्क्यांच्या हालचालीची किंमत लावत होता. त्यापुढे ५.९३ मोठीच, पण साडेचार पट मुळीच नाही. मापक बऱ्यापैकी शुद्धीवर होता.

यातूनच सांगलीकरांच्या ५ जूनचं उत्तर मिळतं. तो वादळी दिवस होऊन गेला, पुढच्या ३० दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडला. ४ तारखेच्या पडझडीमुळे व्हिक्स निकालाच्या दिवशी उलट वर गेला होता, दिवसात ३१ च्याही वर. सरकार बनणार हे दिसू लागल्यावर मात्र फुगवटा उतरला. घटनेची तारीख ठरलेली असेल तर हे उतरणं बरंचसं हिशेबातलंच असतं, त्याला सरासरीची ओढ म्हणू नका.

सांगलीकर
मान्य, पण मग माझा नियम चुकला कुठे? जास्त असताना विकलं तर उतरताना फायदाच ना?

जुना_डीलर
३ जूनला २१ वर विकणाऱ्याला विचारा. २१ "जास्त" होता आणि तरीही पुढच्या एका दिवसात तो अपुरा पडला. एडिसनकरांच्या ३० च्या नियमालाही हेच लागू. मार्च २०२० मध्ये आपला व्हिक्स ९ तारखेच्या सुमारास ३० पार गेला, तेव्हा निफ्टी १०,४५० च्या आसपास होती. २३ मार्चला ती ७,६१० वर बंद झाली आणि व्हिक्स ७० च्या वर पोचला होता. दहा वर्षं थांबणाऱ्याला याने फरक पडत नाही. महिन्याच्या सौद्याला पडतो.

ठाण्याचा_विकास
माझं वेगळंच दुखणं आहे. मी दर महिन्याला स्ट्रँगल विकतो, म्हणजे निफ्टीच्या वरच्या स्ट्राइकचा कॉल आणि खालच्या स्ट्राइकचा पुट. व्हिक्स ११ वर असला की लांबच्या स्ट्राइकला काही मिळतच नाही, म्हणून जवळचे विकावे लागतात. हे बरोबर आहे का? गेल्या खेपेला निफ्टी स्ट्राइकपासून बरीच लांब होती, तरी ब्रोकरने मार्जिन कमी पडतंय म्हणून पोझिशन कापली.

जुना_डीलर
विकासराव, शांत काळातला खरा सापळा तुम्ही नेमका सांगितलात. मिळकत टिकवायला माणूस जवळ सरकतो, आणि नेमक्या तेव्हाच व्हिक्सला वर जायला सर्वात जास्त वाव असतो. निफ्टी २५,००० धरा. महिना शिल्लक असलेल्या, चालू भावाच्या ऑप्शनची किंमत व्हिक्सच्या प्रत्येक अंकामागे साधारण २८ पॉइंटने हलते. व्हिक्स १२ वरून २० झाला तर निफ्टी जागची हलली नाही तरी एका ऑप्शनमागे सव्वादोनशे पॉइंट अंगावर येतात. थोडं लांबच्या स्ट्राइकला जरा कमी. तुम्ही दोन्ही बाजू विकल्यात, वरून मार्जिनही वाढतं. स्ट्राइकला हात लागायची गरजच नाही.

मेघनाताई, आता तुमचा दुसरा प्रश्न. व्याज बाजूला ठेवून ढोबळ हिशेब: त्याच २५,००० वर महिन्याचा चालू भावाचा पुट व्हिक्स ११ असताना सुमारे ३१५ पॉइंटला पडतो, २१ असताना ६०० ला. म्हणून घटना दाराशी आल्यावर घेतलेला पुट महागच असतो. पण ३१५ म्हणजे सव्वा टक्का. दर महिन्याला घेत राहिलात तर वर्षाला १५ टक्के विम्यातच जातील. शांतता किती दिवस टिकेल हे व्हिक्स सांगत नाही. २०१७ साल जवळजवळ सगळं खालच्या आकड्यांतच गेलं.

मेघना_नाशिक
खूपच उलगडलं, मनापासून आभार. म्हणजे घटनेच्या दोन-तीन आठवडे आधी, एक्सपायरी घटनेनंतरची असेल असा, आणि चालू भावाच्या चार-पाच टक्के खालचा पुट घेतला तर? पण एक शंका. तुम्ही साध्या दिवसांसाठी १३ धरलेत, ते निकालानंतरचं पाहून. आधी मी कुठला आकडा धरू?

जुना_डीलर
तोच कच्चा दुवा आहे. १५ धरलात तर ४.८ चे ४.३ होतात, निष्कर्ष फारसा बदलत नाही. घटनेच्या आधी संपणाऱ्या साप्ताहिक ऑप्शन्सचा स्वतःचा आयव्ही, म्हणजे त्यांच्या भावातून निघणारी अपेक्षित हालचाल बघा, त्यात घटना नसते. मी तोच आधार घेतो. आणि लांबच्या पुटचा आयव्ही व्हिक्सपेक्षा वेगळा, बहुतेक वेळा जास्त असतो. त्यामुळे किंमत ऑप्शन चेनवरच बघा, व्हिक्सवरून काढू नका.

सांगलीकर
साप्ताहिकचा आयव्ही शेवटच्या दोन दिवसांत कसाही उड्या मारतो, त्यावर माझा भरवसा नाही. मी तर मागच्या तीन महिन्यांची निफ्टीची प्रत्यक्ष हालचाल धरेन.

जुना_डीलर
शेवटच्या दोन दिवसांचं पटलं. आठवडा-दीड आठवडा शिल्लक असलेला घ्या. तीन महिन्यांचं मात्र मला पटत नाही. २०२४ च्या मेमध्ये मागची हालचाल आणि पुढची भीती यांचा एकमेकांशी मेळच नव्हता.