प्रतिसाद: अ‍ॅनामॉर्फिक लेन्स, लघुपटासाठी

> "२ पट स्क्वीझची लेन्स भाड्याने मिळतेय. कॅमेरा १६:९ चाच आहे. घ्यावी का?"

माझ्या मते घेऊ नका. ही लेन्स चित्र आडवं दाबून निम्म्या रुंदीत टिपते, नंतर ते ताणून मूळ रुंदीला आणावं लागतं. ३८४०×२१६० ची फ्रेम दुप्पट ताणली की ३.५६:१ होते. सिनेमाची नेहमीची रुंद २.३९:१ चौकट हवी असेल तर बाजू कापाव्या लागतात आणि सेन्सरच्या रुंदीतले जेमतेम २५८० पिक्सेल उरतात, म्हणजे एक तृतीयांश चित्र वाया. १.३३ पटीच्या लेन्सने तीच फ्रेम जवळपास पूर्ण वापरता येते. मात्र तिचा बोके, म्हणजे फोकसबाहेरच्या दिव्यांचे धूसर ठिपके, किंचितच लंबगोल दिसतो. प्रकाशाच्या आडव्या निळ्या रेषा, म्हणजे फ्लेअर, मिळतात, तेही लेन्सच्या कोटिंगवर अवलंबून.

धाग्यात न आलेली गोष्ट फोकसची. आम्ही छोट्या स्वयंपाकघरात शूट केलं. लेन्स एक मीटरच्या आत फोकस होईना, म्हणून +१ डायॉप्टर, म्हणजे जवळचं फोकस होण्यासाठी लेन्सपुढे बसवायचं भिंग, लावला. त्याने ५० सेंटीमीटरपर्यंत जाता आलं, पण एक मीटरपलीकडचं सगळं धूसर. अभिनेत्री ओट्यापासून दारापर्यंत चालत गेली आणि शॉट हातचा गेला. +½ लावला असता तर दोन मीटरपर्यंत फोकस मिळाला असता. त्यामुळे आधी खोलीची मापं घ्या, मग लेन्स ठरवा.