मदत हवी आहे: पाचवीच्या सेटचं कॅप्शन, ५ सेटची सूट कशी लिहू?

वहीवाला: शाळा उघडायला पंधरा दिवस राहिलेत. व्हॉट्सअॅप स्टेटससाठी कॅप्शन हवंय. पाचवीच्या सेटमध्ये २०० पानी एकरेघी वह्या ६, फोरलाइन १, चौकटीची १, कंपास, पेन्सिलींचा डबा, ब्राउन कव्हरचा रोल आणि लेबलं. छापील किमतीने ५२० होतात, मी ४६० ला देतो, मला ३९० ला पडतो. खाली ‘५ सेट घेतल्यास १०% सूट’ लिहिलंय. चालेल का?

रंगपेटी: ५२० वर काट मारून शेजारी ४६० लिहा, पालक थांबून वाचतात. आणि १०% कोण बघतं? १५% करा.

पुठ्ठाकव्हर: काट मारायचं बरोबर आहे. पण ४६० वर १५% सोडले तर ३९१ उरतात, म्हणजे सेटमागे एक रुपया. मला तर टक्केच नको वाटतात. १०% कशावर, ते वाचणाऱ्याला कळत नाही. छापील ५२० वर धरले तर ४६८ होतात, म्हणजे पाच घेणाऱ्याला सेट महाग! ४६० वर धरले तर ४१४. पालक ४१४ धरूनच येणार आणि गल्ल्यावर वाद होणार. सरळ रुपये लिहा.

दुसरं, आपण २०० पानी म्हणतो, पण पुठ्ठ्यावर बऱ्याचदा १७२ छापलेलं असतं. जे छापलंय तेच लिहा, नाहीतर वह्या परत येतात. भाव पहिल्या ओळीत हवा, लांब कॅप्शन स्टेटसवर दुमडलं जातं.

> पाचवीचा सेट ₹४६० (छापील ₹५२०)
> एकरेघी ६ (१७२ पानी), फोरलाइन १, चौकट १, कंपास, १० पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, ब्राउन कव्हर रोल, लेबलं.
> वर्गातल्या पालकांनी मिळून घ्या: ५ सेट ₹२२००, १० सेट ₹४२५०.
> ऑर्डर एकाच्या नावाने, पैसे एकदम, १० जूनपर्यंत.
> नाव घालण्याआधी वही बदलून मिळेल.

पाचाला सेटमागे ५० सुटतात, दहाला ३५. ‘पैसे एकदम’ गाळू नका. नाहीतर पाच नावं देऊन दोघंच येतात आणि भाव पाचाचा मागतात.

शाळेची_आई: आमच्या शाळेत वह्या शाळेतूनच घ्याव्या लागतात. मला नुसतं कव्हर आणि लेबलं मिळतील का?

वहीवाला: ताई, सुटंही मिळतं. पण यावरून आठवलं, थोरल्याचा कंपास धाकट्याला चालतो, म्हणून बरेच जण कंपास नको म्हणतात. छापील ९० चा आहे, मला ६५ ला पडतो. किती कमी करू?

पुठ्ठाकव्हर: ७० कमी करा, ३९० ला द्या. ९० सोडलेत तर नफ्यातले २५ जातील. स्टेटसवर मात्र टाकू नका, दोन भाव दिसले की घोळ होतो.

रंगपेटी: मला नाही पटत. ज्याच्या घरी कंपास आहे तो ४६० वाचून दुकानात येणारच नाही.

वहीवाला: आणि पाचांतले दोन बिनकंपासाचे मागितले, तर २२०० मधून किती वजा करायचे?