सवलतीतल्या बाँडचा अंदाजे परतावा

"दर्शनी किंमत 1000, खरेदी 920 ला, वार्षिक कूपन म्हणजे व्याज 80, मुदत 5 वर्षे. मग परतावा 80 भागिले 920, म्हणजे 8.7% ना?"

नाही, तो फक्त चालू परतावा झाला. मुदतीअखेर 920 च्या जागी 1000 मिळतात, ते जास्तीचे 80 त्यात आलेच नाहीत. ते 5 वर्षांत वाटले की वर्षाला 16, म्हणून वार्षिक कमाई 96. भागायचं मात्र 920 ने नव्हे, तर 920 आणि 1000 च्या सरासरीने, म्हणजे 960 ने. उत्तर 10%.

आता पडताळा घ्या: 10% दराने पाचही कूपन आणि शेवटचे 1000 अशा सगळ्या रकमांचं आजचं मूल्य सुमारे 924 येतं. आपण 920 च दिले, म्हणजे खरा दर थोडा जास्त, साधारण 10.12%. सवलत मोठी आणि मुदत लांब असेल तर हा फरक बराच वाढतो. तिथे या सूत्रावर विसंबू नका.