बाबांच्या फोनमधले १४ हजार मेसेज: ओटीपी उडवायचे, बँकेचे ठेवायचे (मदत हवी आहे)

मीनल_सांगली | शनिवार, रात्री १०.४०

बाबांच्या फोनमध्ये १४ हजारांच्या वर मेसेज साठलेत. फोन दिवसातून चार वेळा जागा संपली म्हणून ओरडतो. एकेक पुसत बसले तर दिवाळी उजाडेल. सगळे ओटीपी एकदम उडवायचा मार्ग कुणाला माहीत आहे का? बँकेचे मात्र जायला नकोत. उद्या संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघायचंय, त्याआधी व्हायला हवं. 'नवीन फोन घ्या' सोडून काहीही सांगा.

कढीपत्ता | रात्री १०.५२

सोप्पं आहे. ओटीपी ज्या नावाने येतात त्यावर बोट दाबून धरायचं, बाकीच्यांवर टिचक्या मारत जायचं आणि वरच्या कचरापेटीवर दाबायचं. मी दर रविवारी चहा पिता पिता करतो. पाच मिनिटं.

तळघर | रात्री ११.०५

थांबा. आधी फोन कोणता आणि मेसेज कुठल्या अॅपमध्ये उघडता ते सांगा. अँड्रॉइड एवढ्यावर भागत नाही, प्रत्येक अॅपचं पुसणं वेगळं असतं. आणि बँकेचे मेसेज ठेवायचेत ते नक्की कशासाठी? नुसती आठवण म्हणून की काही काम अडलंय?

आयुष्य_मजेत | रात्री ११.०९

आयफोनवर सेटिंगमध्ये Keep Messages आहे. तिथे १ वर्ष निवडा, जुने आपोआप जातात. मी दोन वर्षांपासून हेच सेटिंग वापरतोय.

खिडकीतला_प्रवासी | रात्री ११.१४

@आयुष्य_मजेत, बाबांचा फोन आयफोन आहे असं कुणी म्हटलं? शिवाय ते सेटिंग ओटीपी आणि आईचा मेसेज यात फरक करत नाही. वर्षापूर्वीचं सगळंच जातं. माझ्या बहिणीचे तिच्या आजीशी झालेले मेसेज असेच गेले.

मीनल_सांगली | रात्री ११.३१

फोन सॅमसंगचा, चार-पाच वर्षं जुना. कढीपत्ता यांनी सांगितलं तसं केलं. बँकेच्या नावाचे तीन धागे होते, त्यातल्या दोघांत ओटीपी दिसले म्हणून उडवले. आता लक्षात आलं की पैसे काढल्याचे मेसेजही त्यातच होते!! तिसऱ्या धाग्यात मार्चचं काहीच नाही. मार्चचे हवे होते हो.

कढीपत्ता | रात्री ११.३६

मी फक्त ओटीपीचे धागे म्हणालो होतो ताई. माझ्या बँकेचे ओटीपी वेगळ्या नावाने येतात.

तळघर | रात्री ११.४८

तुमच्या बँकेचे येत असतील, सगळ्यांचे येत नाहीत. मीनलताई, आता फोनवर काहीही पुसू नका.

पाठवणाऱ्याचं नाव नीट बघा. `VM-` किंवा `JD-` अशी सुरुवात असते आणि पुढे बँकेची अक्षरं. पहिल्या दोन अक्षरांवरून मेसेज कुठल्या मोबाइल कंपनीतून आणि कुठल्या विभागातून आला ते कळतं. बँक एकच, पण आज एका वाटेने पाठवते, उद्या दुसऱ्या. म्हणून तिचे तीन-तीन धागे होतात. प्रत्येक धाग्यात ओटीपी आणि खात्याचे मेसेज मिसळलेले असू शकतात. धागा उडवणं म्हणजे तांदळातले खडे काढायला अख्खं पोतंच ओतून देण्यासारखं.

आता आधीचाच प्रश्न पुन्हा विचारतो. पुसले ते कुठल्या अॅपमध्ये? सॅमसंगवर बऱ्याचदा दोन अॅप असतात, एक सॅमसंगचं आणि एक गूगलचं. सॅमसंगच्या अॅपमध्ये वरच्या तीन ठिपक्यांत `Trash` दिसत असेल तर पुसलेले ३० दिवस तिथे राहतात. गूगलच्या अॅपमध्ये पुसले असतील तर अवघड आहे.

मीनल_सांगली | रविवार, सकाळी ७.१५

सॅमसंगचंच निघालं! `Trash` मध्ये दोन्ही धागे आहेत, परत आणले. रात्रभर झोप नव्हती.

आता खरं कारण सांगते. २ मार्चला बाबा एटीएममध्ये १० हजार काढायला गेले. पैसे बाहेर आले नाहीत, खात्यातून मात्र गेले. २५ मार्चला बँकेने परत जमा केले. 'मिळाले ना, मग झालं' असं बाबा म्हणतात. पण शेजारचे काका म्हणाले की मेसेज जपून ठेवा, काहीतरी मिळतं. काय मिळतं ते त्यांनाही माहीत नाही.

आप्पा_निवृत्त | सकाळी ७.५०

बँकेत ३१ वर्षं काढली, पण सगळे मेसेज जपायची ही खूळं आमच्या वेळी नव्हती. पासबुक भरून घ्या, तेच पुरेसं. मेसेज म्हणजे निव्वळ सूचना, खातं पासबुकात असतं. आणि हल्लीची मशीन पासबुकाच्या ओळी एकावर एक छापते, त्यावर कुणी धागा काढेल का?

तळघर | सकाळी ८.२०

आप्पा, निम्मं बरोबर. रक्कम आणि तारीख पासबुकात आहेच, त्यासाठी मेसेज लागत नाही. पण तक्रार कधी केली आणि तिचा क्रमांक काय, हे पासबुकात कुठे असतं?

मीनलताई, काकांचं बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपणहून परत टाकायचे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. २ मार्चनंतरचे ५ दिवस म्हणजे ७ मार्च. पैसे आले २५ ला. ८ ते २५ म्हणजे १८ दिवस, १८०० रुपये. ते वेगळे जमा झालेत का, हे आधी स्टेटमेंटमध्ये बघा.

झाले नसतील तर ज्या बँकेचं कार्ड तिच्याकडेच अर्ज करायचा, एटीएम दुसऱ्या बँकेचं असलं तरी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या `cms.rbi.org.in` वर जाता येतं. तिथे बँकेकडे केलेल्या तक्रारीचा तपशील लागतो, म्हणून तो मेसेज जपायचा.

मीनल_सांगली | सकाळी ८.४१

१८०० आलेले नाहीत. तक्रार बाबांनी फोनवर केली होती. पण तक्रार क्रमांकाचा मेसेज सापडत नाहीये!

कढीपत्ता | सकाळी ८.४५

शोधात `OTP` टाका, जे दिसतील ते सगळे पुसा, उरलेल्यात सापडेल.

तळघर | सकाळी ९.०२

कढीपत्ता, कृपा करा. बँकेचे कितीतरी मेसेज 'ओटीपी कुणालाही सांगू नका' या वाक्याने संपतात. त्या शोधात पैसे गेल्याचेही मेसेज येतील. उलट ओटीपीच्या मेसेजमध्ये 'रु. १०००० च्या व्यवहारासाठी' असंही लिहिलेलं असतं. एका शब्दावरून दोन्हीकडे चूक होते. शोधायला ठीक आहे, पुसायला नाही.

ताई, शोधात `complaint`, `reference`, `ticket` टाकून बघा. तक्रारीचा मेसेज तिसऱ्याच नावाने आलेला असू शकतो.

आणि आता मूळ गोष्ट. मेसेज पुसून जागा मोकळी होणारच नाही. इंग्रजी एसएमएसचा एक तुकडा १६० अक्षरांचा, मराठी ७० चा. १४ हजार मेसेज म्हणजे सगळे मिळून जेमतेम काही एमबी, सकाळच्या सुप्रभाताच्या चार-पाच व्हिडिओंएवढे. फोन भरलाय तो व्हॉट्सअॅपमुळे. तिथे सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा, कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते दिसेल. ओटीपी पुसायचं कारण गर्दी आणि नको त्या अॅपने ते वाचू नयेत हे आहे. त्यासाठी कुठल्या अॅपला एसएमएसची परवानगी आहे तेही परवानग्यांत जाऊन बघून घ्या.

मीनल_सांगली | सकाळी ९.३०

व्हॉट्सअॅप ११ जीबी. त्यात फक्त सोसायटीचा ग्रुप ४ जीबी. मी काल रात्री उगाच मेसेज उडवत बसले.

खिडकीतला_प्रवासी | सकाळी ९.५५

गूगलच्या मेसेज अॅपमध्ये ओटीपी २४ तासांनी आपोआप पुसायचं सेटिंग आहे. बाबांना तेच अॅप लावून द्या, पुढची गर्दी तरी होणार नाही. माझ्याकडे जुनेही गेले.

आयुष्य_मजेत | सकाळी १०.०१

माझ्या बायकोच्या अँड्रॉइडवर जुने गेले नाहीत. नवे तेवढे जातात.

खिडकीतला_प्रवासी | सकाळी १०.०४

तुम्ही आयफोनवाले ना?

तळघर | सकाळी १०.३०

जुन्यांसाठी त्यावर विसंबू नका. मी आईच्या फोनवर केलं ते सांगतो. प्लेस्टोअरवर `SMS Backup & Restore` आहे. त्यातून आधी सगळ्या मेसेजची एक फाइल काढली. ती फोनवरच ठेवली तर उपयोग नाही, फोन गेला की तीही गेली. म्हणून स्वतःला मेल केली आणि लॅपटॉपवर उघडली. सुरुवातीच्या ओळींत हे दिसतं:

```
<smses count="14212" ...>
```

हा आकडा फोनमधल्या मेसेजच्या अंदाजाशी जुळतोय का, एवढंच बघायचं. शंभर-दोनशेच दिसले तर काहीतरी राहिलंय, पुसायला जाऊ नका. जुळला तर हवा तो मेसेज नेहमीच्या शोधाने त्या फाइलमध्ये सापडतो, पाठवणारा आणि तारखेसकट. मग फोनवरचे जुने धागे बिनधास्त उडवायचे, तांदूळ आधीच डब्यात काढून ठेवलेले असतात. फाइल परत फोनवर उतरवायची वेळ आली तर ते अॅप स्वतःला मुख्य मेसेज अॅप करायला सांगतं. काम झालं की आधीचं अॅप परत मुख्य करायला विसरू नका. आई दोन दिवस 'मेसेज येत नाहीत' म्हणत होती.

त्या फाइलमध्ये खात्याचे आकडे, शिल्लक, सगळं उघड असतं. कुणाच्या ग्रुपवर टाकू नका.

विधिज्ञ_नाही | सकाळी ११.१०

अशा फाइलला कोर्टात किंमत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन जपा.

तळघर | सकाळी ११.१८

१८०० रुपयांसाठी कोर्टात कोण चाललंय? बँकेला क्रमांक आणि तारीख दिली की तिच्या नोंदीत ती तक्रार सापडते. पण तुमचा मुद्दा मोठ्या भांडणासाठी खरा आहे. कुणी खातं साफ केलं असेल तर फोनला हात लावू नये. तिथे बँकेच्या पहिल्या सूचनेपासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं का, यावर जबाबदारी कुणाची ते ठरतं. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. तो मेसेज कधी आला, हीच नोंद तेव्हा कामाला येते.

आप्पा_निवृत्त | सकाळी ११.४०

हे मात्र बरोबर. आमच्या शाखेत लोक महिन्याने यायचे.

मीनल_सांगली | दुपारी १.२५

फाइल काढली, आकडा १४,३८६. मेल केली. व्हॉट्सअॅपमधून ९ जीबी मोकळी. `complaint` टाकून काहीच आलं नाही, `ticket` टाकून गॅसवाल्याचा आला.

पण बाबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ५ मार्चच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या खाली, पेन्सिलीने तक्रारीचा क्रमांक लिहिलाय! दहा आकडी. शेवटचा आकडा १ आहे की ७ ते कळत नाही. बाबा म्हणतात १. आई म्हणते, हे सात असेच काढतात.

कढीपत्ता | दुपारी १.३२

दोन्ही टाकून बघा.

आप्पा_निवृत्त | दुपारी १.४०

पेन्सिल कुणी वापरायला सांगितली होती.