‘बेटाबेटांतून’ म्हणजे नेमकी कोणती बेटं? (बालकवींची ‘औदुंबर’)

ऐरोलीकर: सातवी-आठवीच्या मुलांसाठी ‘औदुंबर’चा अर्थ सांगणारी कॅरोसेल करते आहे. कविता आठच ओळींची. म्हणून दोन-दोन ओळींची चार कार्डं केली. वर मूळ ओळी, खाली साध्या भाषेत अर्थ, मागे फिकट चित्र. पहिल्याच कार्डावर अडले. ‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन, निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतून’. मी लिहिलं, ‘झरा लहान-लहान बेटांमधून वाहतो’, आणि चित्रात पाण्यात चार बेटं काढली. शिकवणीतल्या एका मुलीनं विचारलं, “ताई, झरा एवढासा, त्यात बेटं कशी मावली?” आमच्या मुलांना बेट म्हटलं की खाडीपलीकडची घारापुरी आठवते. घरी सासूबाई म्हणाल्या, बेट म्हणजे झाडी. शेजारचे एक शिक्षक म्हणतात, हा ओढूनताणून काढलेला अर्थ. काय लिहू?

येऊरवाट: सासूबाई बरोबर आहेत. आम्ही गावी ‘बांबूचं बेट’च म्हणतो. एका कंदातून दाटीनं वर आलेला जुडगा म्हणजे बेट. पावसाळ्यात येऊरला ओढ्याकाठी जाऊन उभे राहा. पाणी एका बेटामागे जातं, पुढच्या बेटाआडून पुन्हा दिसतं. ‘बेटाबेटांतून’ हे तसंच आहे.

शुद्धमराठी: प्रमाण मराठीत बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेली जमीन. बोलीतला अर्थ मुलांच्या माथी मारू नका, परीक्षेत गोंधळ होईल. झऱ्यात खडकांची लहान बेटं असतातच की.

येऊरवाट: ‘बांबूचं बेट’ बोलीतलं कसं? छापील मराठीतही हेच म्हणतात. दुसरा शब्द सांगा बरं.

वाशीचा सांगलीकर: औदुंबर म्हणजे आमच्या कृष्णाकाठचं दत्ताचं ठिकाण ना? तिथला घाट अगदी असाच आहे, झाडी पाण्यापर्यंत उतरलेली. कार्डावर देवळाचं चित्र घाला, मुलांना लगेच समजेल. लहानपणी आजोबांबरोबर दर वर्षी जायचो. तिथल्या पायऱ्यांवर बसलं की कविता आपोआप आठवते.

जुना नौपाडा: सांगलीकर, आठवण सुंदर आहे, पण इथे औदुंबर म्हणजे झाड, गाव नव्हे. देऊळ कवितेत कुठेच नाही, ते चित्रात आलं तर मुलं त्याचाच अर्थ लावत बसतील. बालकवी धरणगावचे, खानदेशातले.

ऐरोलीकर, बेट म्हणजे झाडीचा पुंजका हाच अर्थ इथे बसतो, आणि त्याचा पुरावा आधीच्या ओळीतच आहे. झरा दोन्ही काठांवर ‘हिरवाळी घेऊन’ येतो. मग तो वाहतो कशातून? त्याच हिरवाईच्या पुंजक्यांतून. कार्डावर इतकंच लिहा: ‘दोन्ही काठांवर हिरवळ आहे आणि झाडाझुडपांच्या दाट पुंजक्यांमधून निळसर सावळा झरा वाहतो आहे.’ ‘ऐल’ म्हणजे अलीकडचा काठ, ‘पैल’ म्हणजे पलीकडचा. दुसऱ्या कार्डावर टेकडीही ‘पैल’ आहे, म्हणजे पाहणारा अलीकडच्या काठावर उभा आहे. चित्र त्याच्या डोळ्यांनी काढा.

मला काळजी शेवटच्या कार्डाची आहे. ‘गोड काळिमा’चा अर्थ काय लिहिलात?

ऐरोलीकर: लिहिलं आहे, ‘पाण्यावर गोड काळिमा पसरतो.’ काळिमा शब्द तसाच ठेवलाय.

जुना नौपाडा: दोन ठिकाणी बदल हवा. आजची मुलं काळिमा फक्त ‘नावाला काळिमा फासला’मध्ये ऐकतात. त्यांना तो डाग वाटेल. नीलिमा म्हणजे निळेपण, तसा काळिमा म्हणजे काळेपण, इथे सावलीचा गर्द रंग. तो ‘गोड’ आहे, कारण डोळ्यांना निववणारा आहे.

दुसरं, काळिमा ‘पसरतो’ असं कवी म्हणत नाही. मूळ शब्द ‘पसरी’ आहे, ‘पसरे’ नाही. जुन्या पद्यात ज्या क्रियापदाला कर्म असतं ते बहुधा ‘करी, धरी, घाली’ असं ईकारान्त येतं, आणि ज्याला नसतं ते ‘चाले, बसे, पडे’ असं. याच कवितेत पायवाट ‘अडवीतिडवी पडे’. म्हणजे ‘पसरी’चा कर्ता काळिमा नाही, काळिमा हे कर्म. मग पसरवतो कोण? पुढच्या ओळीतला औदुंबर! ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर, पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.’ हे एकच वाक्य आहे. म्हणून या दोन ओळी एका कार्डावर घेतल्यात हे फार चांगलं झालं. एका ओळीचं एक कार्ड केलं असतं, तर सातव्या कार्डावर कर्ताच सापडला नसता.

शुद्धमराठी: शुद्धतेचं बोलताय तर ऐका. संस्कृतात झाडाचं नाव उदुंबर. औदुंबर म्हणजे उदुंबराचं, उंबरापासून झालेलं. शीर्षकच मुळात विशेषण आहे. निदान तळटीप तरी द्यायला हवी.

येऊरवाट: संस्कृतात असेल. मराठीत कित्येक पिढ्या औदुंबराखाली बसल्या, विशेषणाखाली कोणी बसलं नाही. आठवीच्या मुलाला तळटीप कशाला? त्याला सांगा की उंबर ओल्या जागी, ओढ्याकाठी वाढतो. उंबर दिसला की खाली पाणी आहे असं जुने पाणाडे मानायचे. त्याची मुळं पाण्यात उतरलेली असतात, तेच ‘पाय टाकून बसणं’.

कोपरखैरणे: मुळात ‘काळा डोह’ म्हणजे मृत्यू आणि औदुंबर म्हणजे विरक्त साधू. कवी 1918 मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले, तेव्हा जेमतेम 27 वर्षांचे होते. हे न सांगता कवितेचा अर्थ पुरा होतच नाही. पहिलं कार्ड त्यावरच करा.

जुना नौपाडा: माहिती खरी आहे, पण तिची जागा पहिली नाही. पहिल्या कार्डावर मृत्यू वाचलेलं मूल पुढे हिरवं कुरण पाहणारच नाही. हवं तर चौथ्या कार्डानंतर एक कार्ड कवीचं करा. साधूचं म्हणणं वाचकाचं आहे, कवितेच्या शब्दांत नाही. ‘काही वाचकांना तो ध्यान लावून बसलेल्या माणसासारखा वाटतो’ असं लिहिलं तर मला चालेल.

कोपरखैरणे: शब्दांत नाही कसा? ‘असला’ आहे ना. ‘असला’ म्हणजे असा आगळा, सगळ्यांपासून अलिप्त.

वाशीचा सांगलीकर: मला शाळेत सांगितलं होतं, ‘बसला असला’ म्हणजे बसला असेल. कवी अंदाज करतो आहे.

जुना नौपाडा: अंदाज नाही वाटत. तसं म्हणायला ‘असेल’ किंवा ‘असावा’ लागेल. ‘बसला असला’ क्रियापद म्हणून घेतलं तर पुढे ‘तरी’ किंवा ‘तर’ची वाट पाहावी लागते, आणि कविता तर तिथेच संपते. मी तरी ‘असा हा’ असं वाचतो. सात ओळी जे दाखवलं त्याकडे बोट. पण ‘असला’मध्ये आश्चर्य किती आणि अलिप्तपणा किती, यावर आमच्या शिक्षकखोलीत दोन गट होते. मी निवृत्त झालो तेव्हाही दोन्ही गट शाबूत होते.

येऊरवाट: मला त्यात लाड ऐकू येतो. आजी नातवाला म्हणते ना, “कसला बसलाय बघा पाण्यात पाय सोडून!”

शुद्धमराठी: ‘कसला’ आणि ‘असला’ एक नव्हेत.

येऊरवाट: सूर एकच आहे.

ऐरोलीकर: चौथ्या कार्डावर आता लिहिलं आहे: ‘पाण्यात पाय सोडून असा हा उंबर बसला आहे. त्याच्या सावलीनं पाणी झाकोळलं आहे आणि लाटांवर डोळ्यांना निववणारा गर्द रंग पसरला आहे.’ ‘असा हा’ ठेवलंय, पुढचं मुलांनाच विचारेन. पण पहिल्या चित्राचं सांगा ना. बेटं खोडली आहेत. बांबू काढू की नुसती झाडी?

येऊरवाट: बांबू.

जुना नौपाडा: नुसती झाडी. बांबू कवीनं म्हटलेला नाही.