[यादी] इस्तंबूलचा किऑस्क आईचं तिकीट घेईल का? उद्या संध्याकाळचं विमान

प्रेषक: मृणाल
नमस्कार मंडळी,
आई-बाबा म्युनिकहून निघून दोन दिवस इस्तंबूलला थांबलेत, उद्या तिथून मुंबई. बाबांचं चेक-इन मोबाइलवर झालं. आईचं होत नाही, ‘बुकिंग सापडलं नाही’ असंच येतंय. तिचं तिकीट पुण्याच्या एजंटने वेगळं काढलं होतं आणि तो आता फोन उचलत नाहीये. विमानतळावरच्या मशीनवर बोर्डिंग पास आणि बॅगेचा टॅग निघेल का? दोघांना इंग्रजी बेताचं, तुर्कीचा तर प्रश्नच नाही. जे नुकतेच त्या वाटेने गेलेत त्यांनी प्लीज लगेच सांगा.

प्रेषक: शिरीषकाका
मृणाल, अजिबात घाबरू नकोस. मशीनवर पासपोर्टचं फोटोचं पान उपडं ठेवायचं, बाकी सगळं ते आपोआप काढतं. टाईप करायची वेळ आलीच तर एक खबरदारी घ्या. तुर्की कीबोर्डवर I दोन असतात, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा. ‘कुलकर्णी’त शेवटी बिनटिंबाचाच दाबायचा. आईंचं तिथेच अडलं असणार.

प्रेषक: वैशाली
आम्ही मे महिन्यात तिथूनच गेलो. मशीनच्या नादी लागू नका, पण काउंटरवरही जाऊ नका! आमच्याकडून काउंटरवर नुसता पास छापायचे पैसे घेतले, माणशी! कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. साबिहा गोकचेनला खायलाही काही धड नाही, डबा बरोबर ठेवा.
ता.क. मृणाल, बाबांच्या बॅगेत जागा असेल तर माझ्या भाच्यासाठी एक छोटं पार्सल द्यायचं होतं. इस्तंबूलला माझी मैत्रीण आहे, ती हॉटेलवर आणून देईल.

प्रेषक: हेमंत
वैशालीताई, साबिहा गोकचेन हा वेगळा विमानतळ, बॉस्फरसच्या आशियाच्या बाजूचा. मृणालचे आई-बाबा बहुधा युरोपच्या बाजूच्या मोठ्या विमानतळावरून निघणार. मृणाल, तिकिटावर IST आहे की SAW, ते आधी बघ आणि टॅक्सीवाल्याला नावानिशी सांगायला सांग.

काका, टिंबाचं म्हणणं चूक नाही, पण पडद्यावर आधी भाषा इंग्रजी करून घेतली की तो प्रश्न उरत नाही. आईंची अडचण मोबाइलवर आहे, तिथे कुठला तुर्की कीबोर्ड?

मृणाल, ई-तिकिटावर आईंचं नाव छापलंय तसंच्या तसं इथे लिही, मधल्या तिरक्या रेघेसकट.

प्रेषक: मृणाल
IST च आहे. बाबांचं KULKARNI/PRAKASH MR. आईचं PRAKASH KULKARNI/SUNITA MRS. पासपोर्टवर आडनाव KULKARNI, नाव SUNITA PRAKASH.

प्रेषक: हेमंत
सापडलं. रेघेच्या आधी जे काही असतं ते सगळं आडनाव. एजंटने नवऱ्याचं नाव आडनावाच्या रकान्यात ढकललं, म्हणून विमान कंपनीच्या लेखी आईंचं आडनाव PRAKASHKULKARNI आहे. तू KULKARNI टाकत बसली असशील.

आता मोबाइलवर सहा अक्षरी बुकिंग कोड आणि जोडून, मध्ये जागा न सोडता, PRAKASHKULKARNI टाकून बघ. किऑस्कवरही तेच करायचं. कोडऐवजी तेरा आकडी तिकीट क्रमांकही चालतो. टर्किशचा असेल तर तो 235 ने सुरू होतो. पासपोर्ट स्कॅन करण्यावर विसंबू नका, कारण मशीन पासपोर्टवरून KULKARNI वाचणार आणि बुकिंगमध्ये शोधणार, म्हणजे पुन्हा तेच.

भाषा बदलता आली नाही तर तीन शब्द कागदावर लिहून द्या. Biniş Kartı म्हणजे बोर्डिंग पास, Bagaj Etiketi म्हणजे टॅग, Devam म्हणजे पुढे.

प्रेषक: मृणाल
झालं!!! हेमंत, तुझे उपकार कसे फेडू. पण पास मोबाइलवर येत नाही, ‘कागदपत्रं विमानतळावर तपासली जातील’ म्हणतंय. नाव चुकीचं असल्यामुळे अडवतील का?

प्रेषक: शिरीषकाका
अडवणारच. पासपोर्टशी एक अक्षर जुळलं नाही तरी आत सोडत नाहीत.

प्रेषक: हेमंत
काका, अक्षर चुकणं वेगळं आणि पासपोर्टवरचेच सगळे शब्द जागा बदलून येणं वेगळं. माझ्या पाहण्यात अशांना जाऊ दिलंय. पण हमी मी देणार नाही, शेवटी काउंटरवरचा माणूस ठरवतो. एजंट सापडला तर दुरुस्त करून घ्या, नाही सापडला तर वेळ हाताशी ठेवून निघा. तिथे टर्मिनलच्या दारातच सगळ्या सामानाचं स्कॅनिंग होतं, किऑस्क त्याच्या आत आहेत. ती रांग हिशेबात धरा.

आता टॅगचं. किऑस्क वजन करत नाही, फक्त बॅगा किती ते विचारतो आणि तितके टॅग छापतो. वजन पुढे बॅग देताना होतं. दोघांची बुकिंग वेगळी, त्यामुळे वजन एकत्र धरलं जाईल असं समजू नका. तिकिटावर 30K असेल तर माणशी तीस किलो, 2PC असेल तर दोन नग. कुठलीही एक बॅग 32 किलोच्या वर नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे म्युनिकचे जुने टॅग आधी कापून टाका. त्यांच्यावर IST लिहिलंय. पट्ट्यावरच्या स्कॅनरने जुना बारकोड वाचला तर बॅग भलतीकडे बाजूला पडते. बॅगेच्या अंगावर चिकटवलेले बारकोडचे छोटे तुकडेसुद्धा खरवडून काढा, तेच लोक विसरतात.

नवीन पट्टी हँडलमधून ओवायची, टोकाचा कागद सोलायचा आणि दोन्ही टोकं पाठीला पाठ लावून चिकटवायची. बारकोड बाहेर, सुरकुती न पडता. हँडलला गुंडाळू नका. चिकटवण्याआधी मोठ्या अक्षरात BOM आहे ना आणि नाव ज्याच्या त्याच्या बॅगेवर आहे ना, ते बघा. दहा आकडी नंबराचा छोटा तुकडा पासपोर्टमध्ये ठेवा. बॅग हरवली तर तोच मागतात.

प्रेषक: सचिव
सर्वांना विनंती, प्रवासाच्या शंकांसाठी मंडळाने प्रवास उपसमिती नेमलेली आहे. ही यादी कार्यक्रमांसाठी आहे. कोजागिरीच्या मसाला दुधाच्या नावनोंदणीला मात्र अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

प्रेषक: शिरीषकाका
उपसमितीत मीच आहे. उत्तर मी सर्वांच्या आधी दिलं होतं.

प्रेषक: वैशाली
मृणाल, पार्सलचं राहिलं. फक्त चॉकलेटं आणि एक पॉवर बँक आहे.

प्रेषक: हेमंत
ताई, पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालतच नाही, हातातल्या सामानातच न्यावी लागते. टॅग छापायच्या आधी मशीन चित्रं दाखवून तेच विचारतं आणि आई-बाबांना ‘नाही’ दाबायचं असतं. बॅग तुम्हीच भरली का, असंही काउंटरवर कोणी विचारू शकतं. मैत्रिणीने हॉटेलवर आणून दिलेल्या डब्याचं काय सांगणार?

प्रेषक: वैशाली
चॉकलेटांचा डबा सीलबंद आहे हो! गेल्या वर्षी तुमच्या सासूबाईंची भाजणी कोणी आणली होती, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

प्रेषक: मृणाल
वैशालीताई, चॉकलेटं आई नेईल, पॉवर बँक राहू दे. हेमंत, एक शेवटचं. बाबांचे मित्र नागपूरचे, ते मुंबईहून पुढे जाणार आणि त्यांच्या टॅगवर NAG येईल म्हणतात. मग मुंबईला बॅग घ्यायची की नाही?

प्रेषक: हेमंत
घ्यायची. टॅगवर काहीही असलं तरी कस्टम्ससाठी मुंबईला पट्ट्यावरून उचलायची आणि बाहेर पुन्हा द्यायची. टॅग तोच राहतो, फाडू नका म्हणावं.

प्रेषक: शिरीषकाका
माझ्या वेळी थेट नागपूरला गेली होती.